बगॅसचा भाव आणि तीन ऑडिटर

साखर कारखान्यात ऊस गाळून झाला की मागे जो चोथा उरतो त्याला शेतकरी चिपाड म्हणतात आणि कारखान्यातली माणसं बगॅस. हे बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि कारखान्याची गरज भागल्यावर उरलेली वीज विकायची, हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच कारखान्यांचा धंदा आहे. साखर विभाग बगॅस देतो, वीज विभाग ते घेतो. दोन्ही विभाग एकाच कंपनीचे, म्हणजे पैसे या खिशातून त्या खिशात. मग बगॅसचा भाव टनाला १,५०० रुपये धरला काय आणि २,५०० रुपये धरला काय, कंपनीला फरक काय पडतो?

फरक पडतो, आणि कोट्यवधींचा पडतो. तो कोणाला दिसतो, कोणाला दिसत नाही आणि दिसला तर तो माणूस कोणाला सांगतो, हे पाहिलं की कंपन्यांमध्ये होणाऱ्या तीन वेगवेगळ्या लेखापरीक्षणांचा उलगडा होतो. ‘कंपनीचं ऑडिट झालंय’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण मोठ्या उत्पादक कंपनीत ऑडिट एक नसतं. अंतर्गत लेखापरीक्षण असतं, वैधानिक लेखापरीक्षण असतं आणि ठरावीक उद्योगांत कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाचं लेखापरीक्षण, असतं. कंपनीच्या हिशेब विभागात त्यांना सरळ ‘इंटर्नल’, ‘स्टॅट’ आणि ‘कॉस्ट’ म्हणतात. ही तीन माणसं एकाच कपाटातल्या फायली काढतात, पण शोधतात निरनिराळं.

समजा, पश्चिम महाराष्ट्रात एक कारखाना आहे. सहकारी नाही, कंपनी कायद्याखाली नोंदलेली पब्लिक लिमिटेड कंपनी आहे, पण तिचे शेअर बाजारात नोंदलेले नाहीत. हंगामात ६ लाख टन ऊस गाळला, साखरेचा उतारा ११ टक्के पडला, म्हणजे ६६ हजार टन किंवा ६ लाख ६० हजार क्विंटल साखर झाली. वर्षाची उलाढाल अडीचशे कोटी रुपयांच्या आसपास. कारखाना कल्पित आहे, पण त्याला लागू होणारे नियम २०१३ च्या कंपनी कायद्यातले आहेत.

आधी अंतर्गत लेखापरीक्षक. कायद्याचं कलम १३८ म्हणतं की शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने अंतर्गत लेखापरीक्षक नेमला पाहिजे. न नोंदलेल्या पब्लिक कंपनीसाठी काही मर्यादा आहेत. आदल्या वर्षीची उलाढाल २०० कोटी रुपये किंवा अधिक असेल, किंवा त्या वर्षात कधीही बँकांचं कर्ज १०० कोटींच्या वर गेलं असेल, तर नेमणूक सक्तीची होते. भरणा झालेलं भांडवल आणि ठेवी यांच्याही मर्यादा आहेत. आपला कारखाना उलाढालीवरच यात येतो. नेमणूक संचालक मंडळ आपल्या बैठकीत ठराव करून करतं, भागधारकांना विचारावं लागत नाही. नेमलेला माणूस सनदी लेखापाल असू शकतो, कॉस्ट अकाउंटंट असू शकतो किंवा मंडळाला योग्य वाटेल असा दुसरा व्यावसायिकही. तो कंपनीचा पगारी नोकरही असू शकतो. तिघांमध्ये ही मुभा फक्त यालाच आहे. त्याने काय तपासायचं, किती वेळा आणि कोणत्या पद्धतीने, हे त्याच्याशी सल्लामसलत करून ऑडिट समिती किंवा संचालक मंडळ ठरवतं.

ऑडिट समिती म्हणजे संचालक मंडळातलीच छोटी समिती, जिच्यात स्वतंत्र संचालकांचं बहुमत असावं लागतं. आपल्या कारखान्याएवढ्या पब्लिक कंपनीला ती ठेवावीच लागते. पुढे तिचं नाव वारंवार येईल.

अंतर्गत लेखापरीक्षकाचं काम वर्षभर चालतं, आणि ते वहीपेक्षा जागेवर जास्त चालतं. वजनकाट्यावर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन नोंदवहीत आहे का, स्टोअरमधून निघालेला सुटा भाग खरंच बसवला का, गेटपास आणि बिल जुळतं का, असले प्रश्न तो विचारतो. बगॅसच्या बाबतीत त्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतो, वजनाचा असतो. कारण किती बगॅस निघालं हे सहसा काट्यावर मोजलेलं नसतं, ते हिशेबाने काढलेलं असतं. गव्हाणीत पडलेला ऊस अधिक गिरणीत सोडलेलं पाणी, त्यातून मिश्र रसाचं वजन वजा केलं की जे उरतं ते बगॅस. हा आकडा प्रयोगशाळेच्या रोजच्या अहवालात येतो आणि हंगाम संपल्यावर आरटी-८ (सी) या अंतिम उत्पादन अहवालात जातो. उसाच्या साधारण २८ टक्के धरलं तर आपल्या कारखान्यात १ लाख ६८ हजार टन बगॅस निघालं.

आता हे गेलं कुठे? साखरेच्याच कामाला लागणाऱ्या वाफेसाठी काही, विकण्याच्या विजेसाठी १ लाख टन, काही बाहेर विकलं, काही यार्डात गंजी लावून पडलंय. यार्डातली गंजी टेपने मोजायची, घनफळ काढायचं आणि घनतेने गुणून वजन काढायचं. समजा, सगळी बेरीज करून १,८०० टनांचा मेळ लागत नाही. चीफ केमिस्ट सांगणार की ताज्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, पडून राहिलं की वाळतं, वजन घटतं. हे खरंच आहे, आणि खरं आहे म्हणूनच त्याच्याआड काहीही लपवता येतं. म्हणून चांगला अंतर्गत लेखापरीक्षक घट या शब्दावर थांबत नाही. तो बाहेर विकलेल्या बगॅसचे गेटपास घेतो, काट्याच्या स्लिपा घेतो, आणि हंगामातल्या दोन-चार दिवसांचा गेटवरचा सीसीटीव्ही पाहतो. एकाच क्रमांकाच्या स्लिपवर दोन गाड्या गेल्या असतील तर वाळण्याचा सिद्धांत तिथेच संपतो.

२,५०० रुपये टनाने १,८०० टन म्हणजे ४५ लाख रुपये. अंतर्गत लेखापरीक्षकाच्या दृष्टीने ही मोठी बाब आहे, कारण ती सांगते की गेटवरची यंत्रणा गळकी आहे आणि पुढच्या हंगामातही गळणार आहे. त्याच्या कामाचा हेतूच हा आहे की कंपनी चालवणाऱ्यांना त्यांच्या व्यवस्थेतली भोकं वेळेत दाखवायची. तो अहवाल देतो ऑडिट समितीला आणि संचालक मंडळाला. अहवालाचा ठरलेला नमुना नाही. तो वार्षिक अहवालात छापत नाहीत, सरकारकडे जात नाही, भागधारकांना मिळत नाही. तो कंपनीच्या चार भिंतींत राहतो.

यातली खरी कमकुवत जागा मात्र कागदावर दिसत नाही. नेमणूक मंडळाची असली तरी रोजचं काम कार्यकारी संचालकाच्या कार्यालयाच्या सोयीने चालतं. मसुदा आधी ‘व्यवस्थापनाच्या खुलाशासाठी’ जातो, तिथे दोन महिने राहतो आणि समितीपुढे येतो तेव्हा ‘चोरीची शक्यता’चं ‘नोंदींत सुधारणेस वाव’ झालेलं असतं. मुद्दा खरोखर मिटला की नुसता मवाळ झाला, हे ओळखायची साधी युक्ती आहे. मागच्या तीन तिमाहींचे अहवाल शेजारी ठेवायचे. तोच मुद्दा दरवेळी ‘कार्यवाही सुरू आहे’ या शेऱ्याने परत येत असेल, तर कार्यवाही सुरू नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत सेबीच्या नियमांत म्हणूनच अंतर्गत लेखापरीक्षकाने थेट ऑडिट समितीला अहवाल द्यावा, असं सुचवलेलं आहे.

हे ४५ लाख वैधानिक लेखापरीक्षकाच्या नजरेत मात्र कदाचित येणारच नाहीत. तो काही डोळेझाक करत नसतो, त्याचा प्रश्नच वेगळा असतो. ३१ मार्चचा ताळेबंद आणि वर्षाचा नफा-तोटा कंपनीची खरी आणि वाजवी स्थिती दाखवतो का, एवढंच त्याला सांगायचं असतं. अडीचशे कोटींच्या उलाढालीत वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल इतकी मोठी चूक कोणती, याची एक मर्यादा तो आधीच ठरवतो आणि तिच्या वरचं शोधतो.

त्याची नेमणूकही वेगळ्या घरून होते. कलम १३९ प्रमाणे भागधारक वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याला नेमतात, आणि नेमणूक त्या सभेपासून सहाव्या सभेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पाच वर्षांची असते. फक्त नव्या कंपनीचा पहिला लेखापरीक्षक संचालक मंडळ नोंदणीनंतर ३० दिवसांत नेमतं. सरकारी कंपनी असेल तर नेमणूक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. एकदा नेमलेल्याला मुदतीआधी काढायचं तर केंद्र सरकारची आधी परवानगी आणि सभेत विशेष ठराव, दोन्ही लागतं. त्याने स्वतः राजीनामा दिला तर ३० दिवसांत कारणांसकट तो निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोंदलेल्या कंपन्यांत आणि एका मर्यादेवरच्या इतर कंपन्यांत एकच व्यक्ती पाच वर्षांपेक्षा जास्त किंवा एकच फर्म दहा वर्षांपेक्षा जास्त सलग राहू शकत नाही.

एवढी तटबंदी का, हे समजायला सत्यम कॉम्प्युटर्स आठवावी लागते. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. ताळेबंदावर नामांकित लेखापरीक्षकांची सही होती. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवलं त्यांत वैधानिक लेखापरीक्षण करणारे दोघे होते आणि कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुखही होता. पुढे अपिलात त्यांच्या शिक्षांना स्थगिती मिळाली. एका कंपनीत दोन वेगवेगळी लेखापरीक्षणं असूनही दोन्ही एकाच वेळी निकामी ठरली होती. २०१३ च्या कायद्यात कलम १४४ आहे. त्यानुसार वैधानिक लेखापरीक्षक त्याच कंपनीचं अंतर्गत लेखापरीक्षण करू शकत नाही, तिचे हिशेब लिहू शकत नाही, तिला व्यवस्थापनाच्या सेवा देऊ शकत नाही. कॉस्ट ऑडिटही तो करू शकत नाही, ते कलम १४८ मध्ये वेगळं सांगितलंय.

आता बगॅसच्या भावाकडे येऊ. आधीच्या वर्षी साखर विभागाने वीज विभागाला बगॅस २,५०० रुपये टनाने दिलं असं धरलं होतं, बाजारातही साधारण तोच भाव होता. या वर्षी हिशेब विभागाने वहीत १,५०० रुपये धरले. १ लाख टनांवर फरक पडला १० कोटींचा. बगॅस हा उपपदार्थ, म्हणून त्याची किंमत साखरेच्या खर्चातून वजा होते. ती १० कोटींनी कमी वजा झाली, म्हणजे साखरेचा खर्च १० कोटींनी वाढला. ६ लाख ६० हजार क्विंटलला भागलं की क्विंटलमागे साधारण १५० रुपये. खर्च ३,४०० होता तो ३,५५० झाला. तेवढाच वीज विभागाचा खर्च कमी झाला. दोन्ही खिसे मिळून बेरीज तीच.

पण ३१ मार्चला वीज शिल्लक नसते. ती तयार होते त्या क्षणी विकली जाते. साखर मात्र गोदामात असते. हंगाम नुकताच संपत आलेला असतो, पोत्यांच्या थप्प्या छताला लागलेल्या असतात. समजा, ४ लाख क्विंटल शिल्लक आहे. हिशेबाचा नियम असा की शिल्लक माल खर्चाच्या किंवा विकून हाती येणाऱ्या निव्वळ किमतीच्या, यांपैकी जी कमी त्या भावाने धरायचा. निव्वळ विक्री किंमत ३,५०० आहे. बगॅस २,५०० ने धरलं तर साखरेचा खर्च ३,४००, म्हणून शिल्लक ३,४०० ने. बगॅस १,५०० ने धरलं तर खर्च ३,५५०, म्हणून शिल्लक ३,५०० ने. क्विंटलला १०० रुपये जास्त, ४ लाख क्विंटलवर ४ कोटी. शिल्लक मालाची किंमत वाढली की नफा वाढतो. साखरेचं एक पोतंही जास्त न विकता, उसाचा एक रुपयाही न वाचवता, कारखान्याचा नफा ४ कोटींनी वर गेला. त्याच साखरेच्या तारणावर कर्ज देणाऱ्या बँकेलाही गोदाम ४ कोटींनी भरल्यासारखं दिसलं.

जागरूक वैधानिक लेखापरीक्षकाला हे कळतं कसं? तो गोदामात जाऊन पोती मोजेल, पण पोती बरोबरच भरतील. खूण दुसरीकडे असते. उसाचा दर जवळपास तोच, उतारा तोच, तोडणी-वाहतूक तीच, मग साखरेचा क्विंटलचा खर्च १५० रुपयांनी का वाढला? असा प्रश्न पडला की तो खर्चपत्रक मागवतो, मागच्या वर्षीचं शेजारी ठेवतो आणि बगॅसच्या ओळीवर बोट ठेवतो. पद्धत बदलली असेल तर कारण दाखवा, नाहीतर आकडा दुरुस्त करा, असं सांगतो. कंपनीने ऐकलं नाही तर तो अहवालात तसं लिहितो, यालाच क्वालिफाइड रिपोर्ट म्हणतात. हा अहवाल संचालकांना उद्देशून नसतो. त्याच्या पहिल्याच ओळीत तो सदस्यांना, म्हणजे भागधारकांना, उद्देशून असतो. कंपनीवर विपरीत परिणाम करणाऱ्या आर्थिक बाबींवरचे त्याचे शेरे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे लागतात, आणि प्रत्येक प्रतिकूल शेऱ्यावर संचालक मंडळाला आपल्या अहवालात खुलासा छापावा लागतो. नंतर हे सगळं कंपनी निबंधकाकडे नोंदवलं जातं आणि फी भरून कोणालाही पाहता येतं. बँक तेच वाचते, आयकर खातं तेच वाचतं, शेअर घेणारा तेच वाचतो.

आणि समजा, त्याला प्रश्न पडलाच नाही. तर मग तिसरा माणूस उरतो.

कॉस्ट ऑडिट सगळ्या उद्योगांना नाही. सरकारने यादी केली आहे. त्यातल्या एका गटात दूरसंचार, वीज, पेट्रोलियम, औषधं, खतं, आणि साखर व औद्योगिक अल्कोहोल येतात, म्हणजे ज्यांच्या दरांत सरकारला काही ना काही लक्ष घालावं लागतं ते उद्योग. या गटात कंपनीची एकूण उलाढाल ५० कोटी आणि त्या उत्पादनांची मिळून २५ कोटी झाली की कॉस्ट ऑडिट लागतं. दुसऱ्या, बिगर-नियंत्रित गटाला हीच मर्यादा १०० कोटी आणि ३५ कोटी आहे. आपल्या कारखान्याची साखरही यात येते आणि विकलेली वीजही.

हेतू इथे कंपनीच्या नफ्याचा नाही, एका एककाच्या खर्चाचा आहे. एक क्विंटल साखर करायला ऊस किती रुपयांचा, वाफ किती, मजुरी किती, घसारा किती, आणि मळी, प्रेसमड, बगॅस यांचे किती रुपये वजा झाले, हे उत्पादनवार दाखवायचं. नफा-तोटा पत्रकात विभागांच्या आपसातल्या देवाणघेवाणीची बेरीज शून्य होऊन ती नाहीशी होते. कॉस्ट ऑडिटमध्ये नेमकी तीच वर येते. म्हणून बगॅस १,५०० ने दिलं की २,५०० ने, हा वैधानिक लेखापरीक्षकाला फिरून सापडणारा प्रश्न कॉस्ट ऑडिटरच्या तक्त्यात समोरच उभा असतो. एका वर्षात क्विंटलमागे १५० रुपयांची उडी आणि त्याच वर्षी विजेच्या युनिटच्या खर्चात घट, हे दोन आकडे एकाच अहवालात येतात.

नेमणूक संचालक मंडळ करतं, ऑडिट समितीच्या शिफारशीवरून, आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आत. माणूस व्यवसाय करणारा कॉस्ट अकाउंटंटच असावा लागतो, सनदी लेखापाल चालत नाही. नेमणुकीची माहिती सीआरए-२ या फॉर्ममध्ये केंद्र सरकारला कळवायची. वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, तो सीआरए-३ या नमुन्यात आपला अहवाल संचालक मंडळाला देतो. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने तो, त्यातल्या प्रत्येक शेऱ्यावरच्या खुलाशासकट, सीआरए-४ मधून केंद्र सरकारकडे पाठवायचा. भागधारकांकडे तो पाठवण्याची तरतूद नाही.

गंमत अशी की याच कॉस्ट ऑडिटरच्या मानधनाला मात्र सर्वसाधारण सभेत भागधारकांची मान्यता घ्यावी लागते. दरवर्षी विषयपत्रिकेवर तो ठराव असतो, हात वर होतात, ठराव मंजूर होतो. जो अहवाल आपल्याला दिसणार नाही त्याच्या फीला आपण संमती देतो, हे फारच थोड्यांच्या लक्षात येत असेल.

अहवालाची ही दिशा पूर्वी वेगळी होती. कॉस्ट ऑडिटची तरतूद कंपनी कायद्यात १९६५ च्या दुरुस्तीने आली, आणि तेव्हाच्या १९५६ च्या कायद्यात कॉस्ट ऑडिटर आपला अहवाल थेट केंद्र सरकारला देत असे, कंपनीला फक्त प्रत मिळे. शिवाय तो अहवाल, सगळा किंवा त्याचा काही भाग, सभेच्या नोटिशीबरोबर भागधारकांना पाठवा, असं सरकार कंपनीला सांगू शकत असे. आता अहवाल आधी मंडळाच्या टेबलावर येतो आणि तिथून खुलाशासह दिल्लीला जातो. कंपनीच्या खर्चाचा तपशील स्पर्धकाच्या हाती पडू नये ही भीती समजण्यासारखी आहे. पण भागधारकांना सारांशही न मिळण्याएवढी ती मोठी आहे, असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा जास्त बोचतं ते वेळापत्रक. आपल्या कारखान्याचे हिशेब समजा जूनमध्ये पूर्ण झाले आणि वैधानिक लेखापरीक्षकाने सही केली. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते. कॉस्ट ऑडिटचा अहवाल येतो सप्टेंबरच्या अखेरीस आणि सरकारकडे पोचतो ऑक्टोबरमध्ये. म्हणजे बगॅसच्या भावाने नफा ४ कोटींनी फुगला आहे हे जो माणूस सगळ्यात सहज पाहू शकतो, त्याचं म्हणणं कागदावर येतं तेव्हा ताळेबंदावरची शाई वाळलेली असते, आणि लाभांशाचा ठरावही झालेला असू शकतो. वैधानिक लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात एक कलम असतं: सरकारने सांगितलेल्या खर्चनोंदी कंपनीने ठेवल्या आहेत का. पण तिथे तो नोंदी ठेवल्याचं साधारणपणे पाहतो, त्या बरोबर आहेत की नाहीत याची तपशीलवार तपासणी केलेली नाही असं बहुधा स्वतःच लिहितो. दोघांनी मे महिन्यात एकदा खर्चपत्रक समोर ठेवून बोलायला कायद्याची आडकाठी नाही. चांगल्या कंपन्यांत ऑडिट समिती ही भेट घडवून आणते, इतर ठिकाणी दोघांची ओळखही नसते.

तिघांपैकी दोघांवर आणखी एक बंधन आहे, आणि त्यात अंतर्गत लेखापरीक्षक नाही. काम करताना कंपनीच्या अधिकाऱ्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनी कंपनीची फसवणूक केल्याचं मानायला सबळ कारण दिसलं आणि रक्कम १ कोटी किंवा अधिक असली, तर वैधानिक लेखापरीक्षकाने ते केंद्र सरकारला कळवावंच लागतं. आधी दोन दिवसांत मंडळाला किंवा ऑडिट समितीला, ४५ दिवसांत त्यांचं उत्तर मागायचं, आणि त्यानंतर १५ दिवसांत सरकारकडे. कॉस्ट ऑडिटरलाही हेच लागू आहे. रक्कम १ कोटीच्या खाली असेल तर समितीला किंवा मंडळाला सांगून भागतं. गेटमधून गेलेलं ४५ लाखांचं बगॅस म्हणूनच कोणाच्याही अहवालातून थेट सरकारपर्यंत जात नाही. ते पकडणारा अंतर्गत लेखापरीक्षक तर मुळातच आत बोलणारा माणूस आहे.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचा या सगळ्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उसाच्या दरासाठी महसूल वाटणीचं सूत्र सुचवलं. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के. पहिल्या पद्धतीत बगॅसची किंमत सरळ उसाच्या दराच्या हिशेबात येते. कारखान्याने स्वतःच्याच वीज प्रकल्पाला बगॅस कोणत्या भावाने दिलं, हा तिथे आपसातला मामला राहत नाही. पण शेतकरी हा तिन्ही अहवालांपैकी कोणत्याच अहवालाचा वाचक म्हणून कायद्यात लिहिलेला नाही. तो भागधारक असेल तर वैधानिक अहवाल त्याच्या घरी येतो, बाकीचे दोन येत नाहीत. आणि कारखाना सहकारी असेल तर मुळात कंपनी कायदाच लागू नाही, म्हणून कलम १४८ चं कॉस्ट ऑडिटही नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे शासनमान्य नामिकेतला लेखापरीक्षक असतो, अहवाल संस्थेबरोबर निबंधकाकडेही जातो आणि संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो.

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला तर वैधानिक लेखापरीक्षकाच्या अहवालाचं परिशिष्ट उघडावं. त्यात सहावं कलम खर्चनोंदींचं असतं आणि चौदावं अंतर्गत लेखापरीक्षणाचं. कंपनीच्या आकाराला साजेशी अंतर्गत लेखापरीक्षणाची व्यवस्था आहे का, आणि तिचे अहवाल वैधानिक लेखापरीक्षकाने विचारात घेतले का, हे चौदाव्या कलमात सांगावं लागतं. आपल्यापर्यंत न येणाऱ्या दोन अहवालांची बाहेर दिसणारी खूण एवढीच. मग शिल्लक मालाच्या मूल्यांकनाची टीप वाचावी आणि मागच्या वर्षीच्या टिपेशी शब्दन् शब्द ताडून पाहावी. फरक आढळला तर तो सर्वसाधारण सभेत विचारता येतो. त्या सभेला वैधानिक लेखापरीक्षकाने स्वतः किंवा त्याच्या पात्र प्रतिनिधीने हजर राहणं कलम १४६ ने बंधनकारक केलंय, कंपनीने सूट दिली नसेल तर. अंतर्गत लेखापरीक्षकावर आणि कॉस्ट ऑडिटरवर असं बंधन नाही. त्यांच्या अहवालांत काय होतं हे विचारायचं तर व्यासपीठावर बसलेल्या संचालकांनाच विचारावं लागतं.